पेपरच्या फोटोवरून सोप्या मराठीत सारांश: कल्टारच्या डोसचं वाक्य कसं लिहावं?

सड्यावरची

आमच्या वाडीतल्या आंबा बागायतदारांच्या गटासाठी एक काम हातात घेतलं आहे, त्यात मदत हवी आहे.

दापोलीला शिकणाऱ्या भाच्याने एका इंग्रजी जर्नलमधल्या पेपरच्या काही पानांचे मोबाईलवर फोटो काढून पाठवले. विषय हापूस आणि पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आपण सगळे ज्याला सरसकट कल्टार म्हणतो ते. पूर्ण पेपर नाही. मेथड्सचा शेवटचा भाग, रिझल्ट्समधला एक तक्ता आणि डिस्कशनची सुरुवात एवढंच आलं आहे. पुस्तक जाड असल्यामुळे मधल्या शिवणीजवळ सावली पडली आहे आणि डाव्या कॉलमच्या ओळींची टोकं वळली आहेत.

गटाला एका पानात, साध्या मराठीत सार हवं आहे. तांत्रिक शब्द मात्र इंग्रजीच ठेवायचे असं त्यांनीच सांगितलं. बाटलीवर तेच छापलेलं असतं, दुकानदार तेच बोलतो आणि कृषी सहायकाशी फोनवर बोलतानाही तेच लागतात. "वृद्धिरोधक" लिहिलं तर आमचे काका विचारतील की हे कुठलं नवीन औषध.

अडले आहे ते या ओळीपाशी. फोटोत साधारण असं दिसतं:

```
0.75 g a.i. m⁻¹ canopy diameter
```

एम अक्षराच्या डोक्यावरचा बारीक आकडा नीट दिसत नाही. उणे एक वाटतो, पण उणे दोनही असू शकेल. दुसरं म्हणजे त्या ए.आय.चं, म्हणजे ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंटचं, काय करायचं? सारांशात ठेवलं तर लोक अडखळतील, काढलं तर काही बिघडेल का?

गजाली

ताई, मी असे बरेच सारांश केले आहेत, आमच्या पतसंस्थेसाठी आणि शाळेसाठी. फोटोवर बोट दाबून धरलं की मजकूर कॉपी होतो. तो एका जागी चिकटवायचा आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचायचं. रिझल्ट्समध्ये मुख्य गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगितलेली असते, पुढे नुसते आकडे. पहिली वाक्यं मराठीत आणली की सारांश तयार. इंग्रजी शब्द तसेच राहू द्या, त्यात काही वावगं नाही. आकडे मात्र कमीत कमी ठेवा. ए.आय. वगैरे काढून टाका, लोकांना त्याची गरज नसते. "मीटरला पाऊण ग्रॅम" लिहा, सुटसुटीत होईल.

कातळवाट

सड्यावरची, अगोदर फोटो निस्तरा, मराठीचं नंतर बघू. मी फळबागांच्या प्रयोगांवर बरीच वर्षं काम केलं आहे आणि अशा फोटोंवरून लिहिलेली माहितीपत्रकंही पाहिली आहेत. बहुतेक चुका भाषेत नसतात, फोटोत न दिसलेल्या अक्षरात असतात.

तुमचा बारीक आकडा घ्या. झाडाचा कॅनोपी डायमीटर 8 मीटर आहे असं धरू. उणे एक असेल तर डोस डायमीटरच्या दर मीटरला आहे, म्हणजे 0.75 गुणिले 8, झाडाला 6 ग्रॅम ए.आय. बाजारातलं नेहमीचं द्रावण लिटरला 250 ग्रॅम ए.आय. असलेलं असतं, त्या हिशोबाने 24 मिली होतात. आता उणे दोन वाचलं तर तोच डोस चौरस मीटरला झाला. 8 मीटर डायमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 50 चौरस मीटर. मग झाडाला 37 ग्रॅमच्या वर ए.आय., म्हणजे 150 मिली. एका न दिसलेल्या आकड्याने डोस सहा पटीच्या वर गेला. आणि हे औषध मातीत लवकर विरत नाही, पुढच्या हंगामातही त्याचा अंमल राहू शकतो. एकदा जास्त पडलं की काढून घेता येत नाही. पालवी आखडते, पेरं तोकडी राहतात, मोहोरही दाटीवाटीने गुच्छासारखा येतो.

बरोबर आकडा कोणता हे तीन ठिकाणी पडताळता येतं. एक, त्याच ओळीचा पुढचा शब्द. "कॅनोपी डायमीटर" लिहिलं असेल तर ती लांबी आहे, तिला चौरस मीटर लागू पडत नाही. तिथेच उणे दोन बाद होतो. दोन, तोच डोस पेपरात परत कुठे आला आहे का ते बघा. ट्रीटमेंट्सच्या यादीत आणि तक्त्याच्या पहिल्या कॉलममध्ये तो हमखास असतो, आणि तक्ता सहसा पानाच्या मध्यावर असल्याने सावलीतून सुटतो. तीन, झाडाचा एकूण डोस काढून बागेतल्या सवयीशी ताडा. एक लिटरची बाटली 8 मीटरच्या चाळीसेक झाडांना पुरते हे जुन्या बागायतदाराला माहीत असतं. सहा-सात झाडांत बाटली संपायला लागली तर काहीतरी चुकीचं वाचलं गेलं आहे.

दापोलीच्या विद्यापीठाची हापूससाठीची शिफारसही डायमीटरच्या मीटरला 0.75 ग्रॅम ए.आय. अशीच आहे, तेव्हा तुमचा फोटो तिच्याशी जुळतो.

गजाली, पहिल्या वाक्याचं तुमचं म्हणणं रिझल्ट्सपुरतं बऱ्यापैकी खरं आहे. मेथड्सला ते चालत नाही. तिथे पहिलं वाक्य बागेचं ठिकाण आणि साल सांगतं, कामाची गोष्ट तिसऱ्या-चौथ्या ओळीत असते. आणि ए.आय. काढून चालणार नाही. ते काढून "मीटरला पाऊण ग्रॅम" लिहिलं की वाचणारा पाऊण ग्रॅम औषध म्हणजे बाटलीतलं औषध समजेल. 8 मीटरच्या झाडाला 24 मिलीच्या जागी जेमतेम सहा मिली पडेल. मोहोर येणार नाही आणि दोष पेपरला दिला जाईल.

गजाली

पटलं. आकड्याला चिकटलेले शब्द आकड्याबरोबरच राहायला हवेत. पण मग सामान्य माणसाला ए.आय. म्हणजे काय हे कुठेतरी सांगावं लागेल, आणि तिथेच सारांश लांबतो.

सुरमई

विषय आंब्याचा आहे, पण माझी अडचण अगदी अशीच होती म्हणून लिहितो. आमच्या मच्छीमार सोसायटीसाठी मी ट्रॉलिंगवरच्या एका पेपरच्या फोटोंचं सार काढत होतो. त्यात सगळीकडे सी.पी.यू.ई. होतं, आणि ते कमी झालं असं म्हटलं होतं. मी पहिल्या मसुद्यात ते तसंच ठेवलं, तर एका तांडेलाने हरकत घेतली की बंदरावर मासळी तर जास्त उतरली, मग हा पेपर खोटं बोलतोय का? त्याचं बरोबर होतं आणि पेपरचंही बरोबर होतं. बोटी जास्त तास ओढत होत्या, म्हणून एकूण मासळी वाढली, पण ताशी जाळ्यात येणारी कमी झाली. मग मी "सी.पी.यू.ई. म्हणजे एका तासाच्या ओढीला किती किलो" असं पहिल्यांदा शब्द आला त्याच वाक्यात घातलं आणि पुढे सगळीकडे नुसतं सी.पी.यू.ई. ठेवलं. भांडण मिटलं.

आमच्याकडे फोटोचा आणखी एक घोळ होता. दोन कॉलमचं पान होतं आणि मोबाईलने ओळ आडवी वाचली, डाव्या कॉलमची अर्धी आणि उजव्या कॉलमची अर्धी. वाक्यं इंग्रजीत वाचायला ठीक वाटत होती, अर्थ मात्र भलताच. बांगड्याच्या वाक्याला कोळंबीचा आकडा लागला होता. तेव्हापासून मी एका वेळी एकच कॉलम कापून घेतो.

भाटी

माझी कलमं सहा वर्षांची आहेत, यंदा पहिल्यांदा कल्टार घालायचा विचार आहे. जुलैच्या शेवटी घातलं तर चालेल का? आणि माझ्या बाटलीवर 23 टक्के लिहिलंय, वर कोणीतरी लिटरला 250 ग्रॅम म्हणालं. मग 25 टक्के की 23?

सड्यावरची

भाटी, हा धागा सारांश कसा लिहावा यासाठी आहे, औषध कधी घालावं यासाठी नाही. तरी 23 आणि 25 चा तुमचा प्रश्न मलाही हवा होता. आमच्या गटातही दोन्ही आकड्यांच्या बाटल्या निघाल्या आहेत. कातळवाट, हे काय आहे?

कातळवाट

दोन्ही खरे आहेत, मोजमाप वेगळं आहे. 23 टक्के म्हणजे 100 ग्रॅम द्रावणात 23 ग्रॅम ए.आय., वजनाला वजन. 25 टक्के म्हणजे 100 मिलीत 25 ग्रॅम, आकारमानाला वजन. द्रावण पाण्यापेक्षा थोडं जड असतं, 100 मिलीचं वजन 108-109 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणून दोन आकडे. आपण बागेत मापाच्या कपाने मिली मोजतो, तराजूवर तोलत नाही. म्हणून हिशोब 25 धरूनच करायचा: 0.75 भागिले 0.25, म्हणजे मीटरला 3 मिली. 23 धरून भागलं तर सव्वातीन येतं, पण ते ग्रॅम आहेत. तेवढ्या वजनाचं द्रावण मोजलं तर ते 3 मिलीच भरेल.

भाटी, सहा वर्षांच्या कलमांना घाई करू नका. शिफारस दहा वर्षांवरच्या सशक्त झाडांसाठी आहे आणि काळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. झाड अजून वाढायचं आहे, त्याची वाढच रोखून काय मिळवणार? बाकी तुमच्या कृषी सहायकांना झाडं दाखवून ठरवा.

सड्यावरची, सारांशासाठी यातला मुद्दा असा की पेपर जे वय, जो काळ आणि जी जमीन सांगतो ते डोसच्या वाक्याजवळच ठेवा. तुमच्या फोटोत झाडांचं वय आहे का?

सड्यावरची

वय आहे. पूर्ण वाढलेली झाडं आहेत, 10 बाय 10 मीटरवर लावलेली, जमीन जांभ्याची. डायमीटर कसा मोजला तेही आहे: पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशी दोन मापं घेऊन सरासरी.

ते वाक्य मी सुरुवातीला गाळणार होते, कारण बारकावा वाटला. पण काल काकांना विचारलं की झाडाचा विस्तार कसा मोजता, तर ते बुंध्यापासून फांदीच्या टोकापर्यंत पावलं टाकून दाखवायला लागले. ती तर त्रिज्या झाली! 8 मीटरचं झाड 4 मीटरचं ठरलं असतं आणि डोस निम्मा पडला असता. आता ते वाक्य सारांशात नक्की राहणार.

मिलीत लिहावं की ए.आय.त, यावर मात्र माझं मन ठरत नाही. पेपरात मिली कुठेच नाही.

गजाली

मिलीतच लिहा. शेतकरी मिली मोजतो. तुम्ही ज्याच्यासाठी लिहिताय त्याच्या हातात कप आहे.

कातळवाट

माझं मत उलट आहे. सारांश म्हणजे पेपर काय म्हणतो ते. मिली हा आपण केलेला हिशोब आहे आणि तो एका विशिष्ट बाटलीपुरता खरा आहे. उद्या वेगळ्या टक्केवारीचं औषध बाजारात आलं की कागदावरचे 3 मिली चुकीचे ठरतील, पण 0.75 ग्रॅम ए.आय. बरोबरच राहील. वाक्य ए.आय.त ठेवा. मिलीचा हिशोब हवा असेल तर खाली वेगळ्या ओळीत द्या आणि हा आपला हिशोब आहे, पेपरातला नाही, असं स्पष्ट लिहा.

गजाली

वेगळी ओळ ठेवली तर लोक तीच वाचतील आणि वरचं सोडून देतील. मग वरचं लिहून काय उपयोग? माझं मत कायम.

चिऱ्याचं घर

मी निवृत्त शिक्षक. तक्त्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून विचारतो. माझ्या मुलाने अशाच एका पेपराचं सार लिहिलं होतं, त्यात दोन ट्रीटमेंट्स "ॲट पार" आहेत असं होतं. त्याने लिहिलं, "दोन्हींचं उत्पन्न सारखंच आलं." मलाही ते बरोबर वाटलं. पार म्हणजे बरोबरीच ना?

सड्यावरची

माझ्या तक्त्यातही हेच आहे. मूळ आकडे इथे टाकत नाही, पण दोन डोसचं उत्पन्न वेगळं दिसतंय आणि खाली मजकुरात ते "ॲट पार" आहेत असं म्हटलंय. तक्त्याच्या तळाशी सी.डी. नावाची ओळ आहे, ती फोटोत अर्धी कापली गेली आहे.

कातळवाट

ती अर्धी कापलेली ओळच तक्त्याची किल्ली आहे, तिचा फोटो परत मागवा. तोवर उदाहरणापुरते आकडे घेऊ, हे पेपरातले नाहीत. समजा एका डोसला झाडामागे 62 किलो आले, दुसऱ्याला 58, कंट्रोलला 41, आणि सी.डी. आहे 7. दोन सरासरींमधला फरक 7 पेक्षा जास्त असेल तरच तो ट्रीटमेंटमुळे आला असं म्हणायला आधार मिळतो. 62 आणि 58 मध्ये 4 चा फरक आहे, म्हणून ते ॲट पार. 58 आणि 41 मध्ये 17 चा, म्हणून तो सिग्निफिकंट.

मास्तर, "सारखंच आलं" असं म्हणता येत नाही, आकडे तर वेगळे आहेत. आणि "62 चा डोस जास्त चांगला" असंही म्हणता येत नाही. एवढ्या झाडांवर केलेल्या या प्रयोगात त्या दोघांमधला फरक सिद्ध झाला नाही, इतकंच पेपर म्हणतो. प्रयोगात झाडं थोडी असली की झाडाझाडांतल्या नैसर्गिक फरकात डोसचा फरक दबून जातो, हापूसमध्ये तर फारच, कारण शेजारच्या दोन झाडांतलं एक यंदा भरतं आणि दुसरं रिकामं असतं.

बागायतदाराच्या खिशाच्या दृष्टीने यातूनच मोठी गोष्ट निघते. कमी आणि जास्त डोस ॲट पार असतील तर जास्त डोसचा खर्च कशासाठी? सारांशात हे वाक्य तक्त्यातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त कामाचं आहे.

तक्त्यात आणखी एक गोष्ट बघा. शेवटच्या कॉलमवर "पूल्ड" लिहिलं आहे का? असेल तर दोन किंवा अधिक हंगाम एकत्र करून सरासरी काढली आहे. हापूस एक वर्षाआड फळतो, त्यामुळे एकाच वर्षाचा आकडा उचलून लिहिला तर नेमकं भरीचं किंवा खाड्याचं वर्ष हाती लागू शकतं.

चिऱ्याचं घर

समजलं. मुलाला "फरक दिसला, पण तो डोसमुळेच आहे असं ठरवता आलं नाही" असं लिहायला सांगतो. लांब आहे, पण खोटं नाही.

सड्यावरची

आता डिस्कशनचा परिच्छेद. त्यात लिहिलं आहे की पॅक्लोब्युट्राझोलमुळे जिबरेलिन तयार होणं रोखलं जातं, त्यामुळे पालवी कमी येते आणि मोहोर लवकर व जास्त येतो, आणि असेच निष्कर्ष आधी अमुक अमुक संशोधकांनी काढले होते. हे सगळं "या प्रयोगात असं आढळलं" या सदरात टाकू का?

कातळवाट

नको. या परिच्छेदात तीन वेगळे थर एकत्र असतात. प्रयोगात मोजलेलं, दुसऱ्यांनी आधी सांगितलेलं आणि लेखकांचा अंदाज. इंग्रजीत "मे बी ड्यू टू" किंवा "माइट बी अ‍ॅट्रिब्यूटेड टू" आलं की तो अंदाज. ओळीच्या शेवटी आडनाव आणि साल आलं की ते दुसऱ्याचं. सारांशात आडनावं गाळली तरी चालतील, पण "आधीच्या अभ्यासांतही असंच दिसलं होतं" हे राहायला हवं.

जिबरेलिनसाठी एक सोपी खूण सांगतो. मेथड्समध्ये जा आणि जिबरेलिन मोजण्याची काही पद्धत दिली आहे का ते बघा. पानं कधी तोडली, प्रयोगशाळेत काय केलं, असं काही नसेल तर त्यांनी ते मोजलेलं नाही. हे औषध जिबरेलिनच्या निर्मितीला अडवतं ही गोष्ट शास्त्रात पक्की आहे, त्याबद्दल शंका नको. पण "या बागेत जिबरेलिन कमी झालं" असं लिहिलं तर तुम्ही पेपरच्या तोंडी नसलेलं वाक्य घातलंत.

सड्यावरची

मेथड्समध्ये पालवीची टक्केवारी, मोहोराची तारीख, फळांची संख्या आणि वजन एवढंच मोजलं आहे. जिबरेलिनचा उल्लेख नाही. म्हणजे तो दुसऱ्या थरात.

इथवरच्या चर्चेवरून मसुदा केला आहे. उत्पन्नाचे आकडे सी.डी.ची ओळ आल्यावर भरीन.

"हा प्रयोग जांभ्याच्या जमिनीतल्या, 10 बाय 10 मीटरवर लावलेल्या पूर्ण वाढलेल्या हापूस झाडांवर केला आहे. लहान कलमांबद्दल यात काही सांगितलेलं नाही. झाडांना पॅक्लोब्युट्राझोल मुळांजवळच्या मातीतून दिलं. डोस कॅनोपी डायमीटरवर ठरवला. कॅनोपी डायमीटर म्हणजे झाडाच्या घेराची या टोकापासून त्या टोकापर्यंतची पूर्ण रुंदी. ती पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशी दोनदा मोजून सरासरी घेतली. एका बाजूला 8.4 मीटर आणि दुसरीकडे 7.6 मीटर भरलं तर 8 मीटर धरायचं. दर मीटर कॅनोपी डायमीटरला 0.75 ग्रॅम ए.आय. हा डोस वापरला. ए.आय. म्हणजे बाटलीतल्या द्रावणातलं खरं औषध, सगळं द्रावण नव्हे. याशिवाय एक जास्त डोस आणि काहीच न दिलेली कंट्रोलची झाडंही होती.

औषध दिलेल्या झाडांना कंट्रोलपेक्षा फ्लश कमी आला, मोहोर लवकर आला आणि फळं जास्त धरली. दोन्ही डोस उत्पन्नाच्या बाबतीत ॲट पार होते, म्हणजे त्यांच्यात दिसणारा फरक डोसमुळेच आहे असं या प्रयोगातून ठरत नाही. पॅक्लोब्युट्राझोल झाडातल्या जिबरेलिनची निर्मिती अडवतं हे आधीच्या अभ्यासांतून माहीत आहे. लेखकांच्या मते इथला परिणामही त्यामुळे असावा. या प्रयोगात जिबरेलिन मोजलेलं नाही."

खाली वेगळ्या चौकटीत: "आमचा हिशोब, पेपरातला नाही: लिटरला 250 ग्रॅम ए.आय. असलेल्या द्रावणाचे मीटरला 3 मिली, 8 मीटरच्या झाडाला 24 मिली."

गजाली

चांगलं झालंय. "फ्लश" तसंच ठेवलंत, पालवी नाही केलंत, ते आवडलं, बागेत सगळे तेच म्हणतात. चौकट तुम्ही ठेवलीतच, आता लोक काय वाचतात ते कळेल.

सुरमई

"लहान कलमांबद्दल यात काही सांगितलेलं नाही" हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. पेपर ज्याबद्दल गप्प आहे ते सांगायला मी विसरलो असतो. आमच्या सोसायटीच्या कागदात पण घालतो, तो पेपर फक्त ट्रॉलर्सवर होता आणि गिलनेटवाले उगाच चिडले होते.

पहार

बाय, खरा काम केलंस. आमच्या अंगणात चार-पाच जणांका वाचून दाखवलंय. ॲट पार कोणाकच कळाक नाय, पण पुढचा वाक्य वाचल्यावर एक जण म्हणालो, "म्हणजे जास्त घालून फायदो नाय असा कायतरी." माका वाटता तेका तेवढाच कळाक होया होता.

पण दोन प्रश्न इले. औषध किती पाण्यात कालवचा, आणि बुंध्यापासून किती लांब ओतूचा? आम्ही घेराच्या निम्म्यावर पहारीन भोका पाडून ओततो. पेपरवाल्यांनी तसाच केल्यानी काय? तुझ्या कागदात ह्या नाय.

सड्यावरची

पहार काका, हे दोन्ही फोटोत नाही. मेथड्सचं आधीचं पान भाच्याने काढलंच नव्हतं, आणि "मातीतून दिलं" एवढाच उल्लेख माझ्याकडच्या पानावर आहे. तुमची पद्धत विद्यापीठाच्या शिफारशीसारखीच आहे, पण पेपरात तसंच केलं असं मी लिहू शकत नाही. तोवर मसुद्यात "किती पाणी व कुठे ओतलं हे मिळालेल्या पानांवर नाही" अशी ओळ घालते.

कातळवाट

बरोबर. आणि पहारकाकांच्या अंगणातल्या त्या माणसाने "जास्त घालून फायदा नाही" असा अर्थ घेतला, तो थोडा पुढे गेला आहे. पेपर म्हणतो फायदा दिसला नाही. मला अजून वाटतं की तिथे वाक्य आणखी घट्ट करायला हवं.

गजाली

कातळवाट, त्या माणसाने चुकून कमी डोस घालायचं ठरवलं, जास्त नाही. त्यात धोका कुठे आहे? मला वाक्य आहे तसंच बरं वाटतं.

सड्यावरची

भाच्याला मेसेज केला आहे. मेथड्सचं आधीचं पान आणि तक्त्याचा तळ, दोन्ही परत काढणार आहे. या वेळी पुस्तक सपाट दाबून, खिडकीकडे तोंड करून, एका फोटोत एकच कॉलम घ्यायला सांगितलं आहे. पानं आली की सी.डी. आणि पाण्याचं प्रमाण भरून सुधारित मसुदा इथेच टाकते.